३० ऑर्डरच्या गटातील नॉर्मल उपगट : घटक मोजून दिलेल्या सिद्धतेबद्दल

नंदिनी_क

३० ऑर्डरच्या प्रत्येक गटात मूळ संख्येइतक्या ऑर्डरचा एक तरी नॉर्मल उपगट असतो, या विधानाची घटक मोजून दिलेली सिद्धता मी वाचते आहे. सिद्धता चार ओळींची आहे. सिलोच्या प्रमेयानुसार ५ ऑर्डरच्या उपगटांची संख्या ६ ला भागणारी आणि ५ ने भागल्यास १ बाकी देणारी असते, म्हणून ती १ किंवा ६ असते. त्याच रीतीने ३ ऑर्डरच्या उपगटांची संख्या १ किंवा १० असते. दोन्हींपैकी एकही संख्या १ नसेल, तर ५ ऑर्डरचे ६ × ४ = २४ घटक आणि ३ ऑर्डरचे १० × २ = २० घटक गटात असावे लागतील. ही बेरीज ४४ होते आणि गटात तर ३०च घटक आहेत. म्हणून दोन्हींपैकी एक संख्या १ आहे, आणि एकमेव असलेला तो उपगट नॉर्मल आहे.

प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे पटते, तरी तीन ठिकाणी मी अडखळते. पहिले म्हणजे, ६ × ४ हा गुणाकार इतक्या निर्धास्तपणे का करता येतो? दुसरे, सिद्धता "दोन्हींपैकी एक" एवढ्यावरच थांबते. मग ३ चा उपगट नॉर्मल आहे पण ५ चा नाही, असा ३० ऑर्डरचा गट खरोखर सापडतो का? तिसरे, ६ ला भागणे आणि १० ला भागणे या अटींचा या मोजणीत नेमका किती उपयोग होतो?

विषमपद

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची सगळी मोजणी त्याच्यावर उभी आहे.

P आणि Q हे ५ ऑर्डरचे दोन वेगळे उपगट घ्या. त्यांचा छेद हा P चा उपगट असतो, म्हणून त्याची ऑर्डर ५ ला भागते, म्हणजे ती १ किंवा ५ असते. ती ५ असेल, तर P आणि Q एकच ठरतील. म्हणून दोघांत अविकारक घटकाखेरीज काहीही सामाईक नाही. उलट बाजूने पाहिले, तर ५ ऑर्डरचा कोणताही घटक घेतला की त्याच्या घातांनी बनणारा उपगट हाच त्याला सामावणारा ५ ऑर्डरचा एकमेव उपगट असतो. त्यामुळे असा प्रत्येक घटक नेमका एकदाच मोजला जातो. ३ चेही तसेच आहे, आणि एकाच घटकाची ऑर्डर ३ आणि ५ दोन्ही असू शकत नसल्याने २४ आणि २० यांची बेरीज करण्यासही हरकत राहत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक रंजक वाटते. तुमच्या सिद्धतेतील १० हा आकडा मुळात लागतच नाही. समजा ५ चे उपगट ६ आहेत. २४ घटक तिथे गेले, एक अविकारक घटक गेला आणि हाती ५ घटक उरले. ३ ऑर्डरच्या उपगटांची संख्या ३ ने भागल्यास १ बाकी देते, एवढेच वापरू. ती १ नसेल तर निदान ४ आहे आणि ४ उपगटांना ८ घटक लागतात. उरलेल्या ५ मध्ये ८ मावत नाहीत, म्हणून ३ चा उपगट एकच आहे. ६ हा आकडा मिळवण्यासाठीही भागण्याची अट लागत नाही, कारण ५ ने भागल्यास १ बाकी देणारी ६ नंतरची संख्या ११ आहे आणि ११ उपगटांना ४४ घटक लागतील.

बाकी १ येते हेही इथे हाताने दाखवता येते. P ला ५ ऑर्डरच्या सर्व उपगटांवर कॉन्जुगेशनने क्रिया करू द्या. कक्षा १ किंवा ५ आकाराच्या असतात. एखादा दुसरा उपगट Q जागचा हलत नसेल, तर PQ हा २५ घटकांचा उपगट होईल आणि २५ ने ३० ला भाग जात नाही. म्हणून एकटा P स्थिर राहतो आणि बाकीचे पाचपाचांच्या कक्षांत विभागले जातात. असा उपगट अस्तित्वात आहे, एवढे कोशीच्या प्रमेयातून येते. १८७२ चे सिलोचे प्रमेय बाजूला ठेवून १८४५ च्या कोशीवर भागते, हे मला समाधानकारक वाटते.

कासवगती

गुणाकाराचा मुद्दा निघाला म्हणून माझेही एक उदाहरण मांडतो. सम षटकोनाच्या सममितींचा १२ ऑर्डरचा गट मी याच पद्धतीने मोजला. त्यात ४ ऑर्डरचे उपगट ३ आहेत, प्रत्येकात अविकारक घटक सोडून ३ घटक, म्हणजे ९. ३ ऑर्डरचा उपगट एक आहे, त्याचे २. अविकारक घटक १. एकूण बरोबर १२. बेरीज अचूक जुळल्यामुळे मी असे लिहिले की या गटात ६ ऑर्डरचा घटक नाही, कारण त्याच्यासाठी जागाच उरत नाही. पण षटकोन ६० अंशांनी फिरवणे ही तर ६ ऑर्डरचीच क्रिया आहे. बेरीज जुळत असताना निष्कर्ष चुकतो, हे कसे?

विषमपद

तुमचे तीन उपगट एकमेकांवर चढलेले आहेत. षटकोन १८० अंशांनी फिरवणारा घटक तिघांतही आहे; प्रत्येक उपगट म्हणजे तो घटक, परस्परांना लंब असलेल्या दोन अक्षांवरील परावर्तने आणि अविकारक घटक. त्यामुळे त्यांच्या संयोगात अविकारक घटकाखेरीज ९ नव्हे, तर १ + ६ = ७ घटक आहेत. तो अर्धा फेरा तुम्ही दोनदा जास्त मोजलात, आणि योगायोगाने ६ ऑर्डरचे घटकही दोनच आहेत (६० आणि ३०० अंशांचे फेरे). म्हणून एकूण बेरीज १२ राहिली. छेद क्षुल्लक असतो ही खात्री उपगटाची ऑर्डर मूळ संख्या असतानाच मिळते. ४ साठी ती गृहीत धरता येत नाही. ३० मध्ये २, ३ आणि ५ एकेकदाच येतात, म्हणून तिथे ही अडचण उद्भवत नाही.

बाकी_एक

नंदिनी_क यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्या मते सरळ उत्तर आहे. ५६ ऑर्डरच्या गटात ७ चे उपगट ८ असतील, तर ४८ घटक तिकडे जातात, उरलेले ८ घटक मिळून ८ ऑर्डरचा उपगट बनतो आणि तो एकच असल्याने नॉर्मल असतो. इथेही तसेच करावे. ५ चे उपगट ६ असतील, तर २४ घटक वजा जाऊन ६ उरतात. हे ६ घटक मिळून ६ ऑर्डरचा उपगट बनतो, तो नॉर्मल असतो आणि त्याच्यात ३ चा उपगट एकच असतो. म्हणजे ३ चा नॉर्मल, ५ चा नॉर्मल नाही, अशी रचना सुसंगत दिसते. तेव्हा असा गट असला पाहिजे.

विषमपद

५६ बद्दलचे तुमचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. ३० ला मात्र ते तसेच्या तसे लावता येत नाही. ५६ मध्ये ८ ऑर्डरचा उपगट आहे हे सिलोमुळे आधीच माहीत असते, आणि त्याचा एकही घटक ७ ऑर्डरचा नसल्यामुळे त्याला उरलेल्या ८ जागांतच बसावे लागते. ३० मध्ये ६ ऑर्डरचा उपगट आहे असे कोणतेही प्रमेय आपल्याला आगाऊ सांगत नाही, कारण ६ ही मूळ संख्येचा घात नाही. उरलेले ६ घटक हा तूर्त केवळ संच आहे.

शिवाय सुसंगत दिसणारी रचना अस्तित्वात असतेच असे नाही, आणि ही तर मोजणीनेच कोसळते. तुमच्याच गृहीतावर पुढे जाऊ. ३ चा उपगट नॉर्मल आहे. त्याला T म्हणू. ५ चा कोणताही एक उपगट P घ्या. T नॉर्मल असल्यामुळे TP हा उपगट होतो आणि दोघांचा छेद क्षुल्लक असल्यामुळे त्यात १५ घटक असतात. आता १५ घटकांच्या या उपगटात मोजा. त्यात ५ चा उपगट एकच असू शकतो, कारण ६ असतील तर २४ घटक लागतील. ३ चा T हा तर साऱ्या गटातच एकमेव आहे. म्हणजे त्यात ऑर्डर १ चा एक, ऑर्डर ३ चे दोन आणि ऑर्डर ५ चे चार मिळून ७ घटक झाले. उरलेल्या ८ घटकांची ऑर्डर १५ ला भागणारी असूनही १, ३ किंवा ५ नाही, म्हणून ती १५ आहे.

हे ८ घटक मूळ गटातही आहेत. पण मूळ गटात ५ ऑर्डरच्या २४ घटकांव्यतिरिक्त ६च जागा होत्या. २४ + ८ = ३२, म्हणजे ३० पेक्षा जास्त. म्हणून ५ चे उपगट ६ असणे शक्यच नाही. ३० ऑर्डरच्या प्रत्येक गटात ५ चा उपगट नॉर्मल असतो.

नंदिनी_क

हे फार स्पष्ट झाले. मग ३ चेही असेच करून पाहिले. ३ चे उपगट १० असतील, तर २० घटक गेले. ५ चा उपगट नॉर्मल आहे, त्याचे ४ गेले, अविकारक घटक १ गेला आणि ५ उरले. पुन्हा १५ घटकांचा उपगट तयार होतो, त्यात १५ ऑर्डरचे ८ घटक असतात, आणि ५ जागांत ८ बसत नाहीत. म्हणजे ३ चा आणि ५ चा, दोन्ही उपगट नेहमीच नॉर्मल असतात.

फक्त एक शंका राहिली. १५ च्या उपगटात ३ चा उपगट एकच आहे, हे या वेळी आधीपासून माहीत नाही. बाकीच्या अटीने ४ ही संख्या चालते; ४ × २ = ८, त्यात ५ ऑर्डरचे ४ आणि अविकारक घटक मिळवला तर १३ होतात आणि १३ तर १५ मध्ये मावतात.

विषमपद

शंका अचूक जागी आहे. इथे नुसती बाकी आणि नुसता आकार पुरत नाही. भागण्याची अट इथे खरोखर लागते. १५ च्या गटात ३ ऑर्डरच्या उपगटांची संख्या ५ ला भागली पाहिजे आणि ४ ने ५ ला भाग जात नाही, म्हणून ती १ आहे. ती अट टाळायची असेल, तर उरलेल्या दोन घटकांकडे पाहावे. ते १५ ऑर्डरचेच असावे लागतील आणि १५ ऑर्डरचा एक घटक असला की त्याच्या घातांमुळे असे ८ घटक येतात, दोन कधीच नाहीत. तेव्हा दोन्ही मार्गांनी ४ बाद होते. याच चालीने तुमच्या १० ऐवजी ४ किंवा ७ उपगट गृहीत धरले असते तर काय झाले असते, हे स्वतः करून पाहण्यासारखे आहे, कारण तिथे ३० मधील जागा तितक्या लवकर संपत नाहीत.

त्रिज्या

मला मूळ विधानच खटकते. सम पंधराकोनाच्या सममितींचा गट ३० ऑर्डरचा आहे. २ ही मूळ संख्या आहे. त्या गटात २ ऑर्डरचे १५ उपगट आहेत, प्रत्येक परावर्तनाचा एक, आणि त्यांतील एकही नॉर्मल नाही. मग "मूळ ऑर्डरचा उपगट नॉर्मल असतो" हे विधान कसे टिकेल?

जुना_वाचक

विधान "एक तरी नॉर्मल असतो" असे आहे, "प्रत्येक नॉर्मल असतो" असे नाही. तुमच्या पंधराकोनात १२० अंशांच्या फेऱ्यांचा ३ ऑर्डरचा उपगट आणि ७२ अंशांच्या फेऱ्यांचा ५ ऑर्डरचा उपगट, दोन्ही नॉर्मल आहेत.

तुमच्या उदाहरणामुळे २ कडे मात्र लक्ष गेले, हे बरे झाले. ३ आणि ५ ला गटात काहीच स्वातंत्र्य नाही, सगळी विविधता २ मध्ये साठलेली आहे. ३० ऑर्डरचे गट सारखेपणा सोडून पाहिले, तर चारच आहेत. चक्रीय गटात २ ऑर्डरचा उपगट एकच आहे. त्रिकोणाच्या सममितींचा गट आणि ५ चा चक्रीय गट यांच्या गुणाकारात असे ३ उपगट आहेत. पंचकोनाच्या सममितींचा गट आणि ३ चा चक्रीय गट यांच्या गुणाकारात ५ आहेत आणि पंधराकोनाच्या गटात १५. सिलोचे प्रमेय २ साठी १, ३, ५, १५ या चार शक्यता देते आणि चारही प्रत्यक्षात येतात, प्रत्येक एकेका गटात. ५ साठी ते १ आणि ६ देते, त्यांपैकी ६ कधीच येत नाही; ३ साठीचा १० सुद्धा कधी येत नाही. प्रमेय शक्यतांची यादी देते, त्यांतील कोणती घडते ते सांगत नाही, हे या एकाच ऑर्डरवर दोन्ही बाजूंनी दिसते.

बाकी_एक

तरीही माझे सहा घटक वाया गेले असे मी मानणार नाही. ५६ मधली युक्ती ३० ला का लागत नाही हे त्यामुळेच दिसले.

पण मग आणखी एक विचारतो. जी परिस्थिती कधी घडतच नाही, तिच्यावर एवढी मोजणी कशाला? २ ऑर्डरचा एक घटक घ्या आणि त्याने गटाच्या ३० घटकांना डावीकडून गुणा. कोणताही घटक जागेवर राहत नाही, म्हणून ३० घटक १५ जोड्यांत अदलाबदल करतात. १५ अदलाबदलींचे परम्युटेशन विषम असते. म्हणून ज्या घटकांनी गुणल्यास सम परम्युटेशन मिळते, त्यांचा १५ घटकांचा उपगट तयार होतो. इंडेक्स २ म्हणून तो नॉर्मल. मोजणी संपली.

विषमपद

ही सिद्धता उत्तम आहे, पण तुम्ही अर्ध्यावर थांबलात. १५ ही मूळ संख्या नाही आणि आपल्याला मूळ ऑर्डरचा उपगट हवा आहे. उरलेला टप्पा पुन्हा मोजणीचाच आहे. ३ किंवा ५ ऑर्डरच्या घटकाने गुणल्यास मिळणारे परम्युटेशन सम असते, म्हणून असे सर्व घटक त्या १५ जणांतच असावे लागतात. अविकारक घटक वगळला तर तिथे जागा १४. ५ चे उपगट ६ असतील, तर २४ घटक लागतात. ३ चे १० असतील, तर २० लागतात. दोन्ही बाद. नंदिनी_क यांनी दोन टप्प्यांत जे मिळवले, ते इथे एकाच ओळीत मिळते, कारण ३० ऐवजी १५ जागा आहेत. तेव्हा मोजणी टळलेली नाही, ती लहान जागेत हलवली आहे, आणि मला हीच सिद्धता सर्वांत जास्त आवडते.

जुना_वाचक

मला उलट ४४ ची सिद्धता प्रिय आहे, आणि त्याचे कारण ३० च्या बाहेर आहे. पाच वस्तूंच्या सम परम्युटेशनांचा गट घ्या. त्याची ऑर्डर ६० आहे. त्यात ५ चे उपगट ६ आहेत आणि ३ चे १०, म्हणजे नंदिनी_क यांच्या पहिल्या संदेशातील तेच दोन आकडे. २४ आणि २० मिळून ४४, त्यात २ ऑर्डरचे १५ घटक मिळवले की ५९ आणि अविकारक घटकासह बरोबर ६०. आणि या गटात क्षुल्लक दोन सोडून एकही नॉर्मल उपगट नाही. म्हणजे ६ आणि १० हे आकडे एकत्र नांदण्यात मुळात काही विसंगती नाही, ३० मध्ये त्यांना फक्त जागा कमी पडते. २ चा एक जादा घात मिळाला आणि तेच आकडे जागेवर बसले. परम्युटेशनची सिद्धता ६० ला लावली, तर २ ऑर्डरचा घटक ३० जोड्या हलवतो, ३० सम आहे, म्हणून ती काहीच बोलत नाही. पण ती का गप्प बसते ते ४४ च्या मोजणीत जास्त ठसठशीत दिसते.

कासवगती

तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या कोणत्याही गुणाकाराला ही मोजणी लागू पडेल का? ४२, ६६, १०५ वगैरे.

विषमपद

पडते. सर्वांत मोठी संख्या r, मधली q आणि लहान p असू द्या, आणि तिन्ही उपगट नॉर्मल नाहीत असे माना. r च्या उपगटांची संख्या pq ला भागते आणि r पेक्षा मोठी असते. p आणि q दोन्ही r हून लहान असल्याने ती pq च असावी लागते. q चे उपगट निदान r आणि p चे निदान q. अविकारक घटक धरून बेरीज केली, तर ती pqr पेक्षा बरोबर (q − १)(r − १) ने जास्त भरते. ३० साठी २४ + १० + ३ + १ = ३८, म्हणजे ८ जास्त. इथे ३ च्या उपगटांसाठी ५ हा ढोबळ आकडा वापरला तरी भागते. अशा ऑर्डरच्या गटांचे वर्गीकरण ओटो होल्डर यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केले होते.

नंदिनी_क

चार मूळ संख्यांवर, २१० वर, मी ही बेरीज करून पाहिली. ७ चे उपगट १ किंवा १५; १५ घेतले तर ९० घटक. ५ चे निदान ६, म्हणजे २४. ३ चे निदान ७, म्हणजे १४. २ चे निदान ३. अविकारक घटकासह १३२, आणि जागा २१० आहेत. विरोधाभास येत नाही. मग २१० साठी विधानच खोटे आहे का?

विषमपद

विधान खरे आहे. ढोबळ बेरीज मात्र तिथे अपुरी पडते. बाकी_एक यांची युक्ती आधी वापरा. २ ऑर्डरचा घटक १०५ जोड्या हलवतो, १०५ विषम आहे, म्हणून १०५ ऑर्डरचा नॉर्मल उपगट मिळतो आणि ३, ५, ७ ऑर्डरचे सारे घटक त्यातच असतात. त्याच्या आत ७ चे उपगट १ किंवा १५ आणि ५ चे १ किंवा २१. दोन्ही १ नसतील, तर ९० + ८४ = १७४ घटक १०५ मध्ये कोंबावे लागतील. म्हणून दोन्हींपैकी एक उपगट त्या १०५ मध्ये, आणि त्यामुळे साऱ्या २१० मध्येही, एकमेव आहे.

नंदिनी_क

म्हणजे परम्युटेशनने जागा निम्मी केल्यावरच मोजणी चालते. ती पायरी न घेता, १३२ च्या बेरजेत ६, १०, १४, १५ अशा संयुक्त ऑर्डरचे घटकही मोजून २१० ओलांडता येतात का, हे मला पाहायचे आहे. ७ चे उपगट १५ असतील, तर त्यांतील प्रत्येकाच्या नॉर्मलायझरमध्ये १४ घटक असतात. तो चक्रीय असेल, तर १४ ऑर्डरचे आणखी ९० घटक हाती येतात आणि १३२ वर २१० ओलांडले जातात. पण तो सप्तकोनाच्या सममितींचा गट असेल, तर १४ ऑर्डरचा एकही घटक मिळत नाही. त्या दुसऱ्या प्रकारात मी अडले आहे.

बाकी_एक

त्या प्रकारात २ ऑर्डरचे घटक मोजून पाहा. प्रत्येक नॉर्मलायझरमध्ये ते ७ आहेत, पण एकच परावर्तन दोन नॉर्मलायझरांत असू शकते का, ते आधी ठरवावे लागेल. तिथे कासवगती यांच्या षटकोनासारखे होण्याची भीती आहे.